सहा चाळीसची नोंद

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे घरी आणि कंपनीत सगळ्यांना ठाऊक आहे. नवरा म्हणतो, तुला टाइम ऑफिसला घेणारा माणूस हुशार असला पाहिजे. टाइम ऑफिस म्हणजे हजेरीचं खातं. कोण किती वाजता आला, किती वाजता गेला, कुणाचा खाडा झाला, हे सगळं माझ्याकडे. चाकणला आमचा कारखाना आहे, गाड्यांना लागणारे पत्र्याचे भाग आम्ही प्रेसवर काढतो. भोसरीहून मी रोज कंपनीच्या बसने जाते, मोशीच्या पुढे ट्रॅफिकमध्ये डुलकी काढते आणि नऊच्या आत खुर्चीत असते.

आधी मी रोज सकाळी पेनड्राइव्ह घेऊन गेटवर जायची. तिथल्या बोट लावायच्या पंचिंग मशीनमधून नोंदी काढायच्या, वर येऊन शिफ्टच्या तक्त्याशी एकेक नाव ताडून बघायचं. चारशे माणसं. दुपारपर्यंत मान मोडून जायची. शेवटी वैतागून मी मोबाइलवर व्हिडिओ बघून प्रोग्राम लिहायला शिकले. दोन महिने संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या मोजत शिकले. नवरा म्हणाला, "आता कंपनी तूच चालवणार का?" मी म्हटलं, तू आधी कणीक मळ.

आणि प्रोग्राम चालला हो. ठरलेल्या वेळी ऑफिसातला कॉम्प्युटर आपण होऊन गेटवरच्या मशीनकडून नोंदी मागून घ्यायचा. दिवसातून तीनदा. मग बरोबर नऊला तो त्या नोंदी शिफ्टच्या तक्त्याशी ताडायचा आणि यादी काढायचा: कुणाची काल आत आल्याची नोंद आहे पण गेल्याची नाही, कुणाची गेल्याची आहे पण आल्याची नाही, आणि कुणाची आज शिफ्ट सुरू झाली, रजाही नाही, तरी एकही नोंद नाही. ही नावं लाल रंगात. यादी सुपरवायझरांना मेलने जायची, आणि लाल नावाचा माणूस चहाच्या सुट्टीत माझ्या खिडकीशी यायचा. त्याने एक फॉर्म भरायचा, त्याला आम्ही मिस पंचचा फॉर्म म्हणतो. त्यावर कारणांचे तीन चौकोन छापलेले आहेत. पंच करायला विसरलो. बाहेरच्या कामावर होतो. मशीन बंद होतं. शंभरातले नव्वद पहिल्या चौकोनावर खूण करतात, सही करतात आणि माझी बोलणी खाऊन जातात. "जेवायला विसरता का हो कधी?" हे माझं ठरलेलं वाक्य.

मला त्या यादीचा फार अभिमान होता. खोटं कशाला बोलू?

त्या वर्षी उन्हाळ्यात मशीन कुरकुर करायला लागलं. मेमरी भरत आली की ते पडद्यावर इशारा दाखवतं. मी नोंदी वाचून घ्यायची, पण त्या मशीनमध्येही तशाच राहायच्या, त्यामुळे वर्षभराचा गाळ साचला होता. मी प्रोग्राममध्ये एक पायरी वाढवली: नोंदी वाचा, आपल्याकडे साठवा, मग मशीन रिकामं करा. वाचत असताना मशीनला कुलूप लावायची सोय असते, म्हणजे तेवढा वेळ ते कुणाचं बोट घेत नाही. ते कुलूपही मी लावून पाहिलं. पण तेव्हा सकाळची वेळ सातची होती आणि पहिली शिफ्टही सातचीच. गेटवर ही रांग लागली, वॉचमनने फोन करून माझा उद्धार केला. म्हणून मी वेळ बदलून सहा चाळीस केली. पहिल्या शिफ्टची बस पावणेसातला येते, त्याच्या आधी गेटवर चिटपाखरू नसतं. आणि कुणी नसतंच तर कुलूप कशाला, म्हणून तेही काढून टाकलं. झालं काम.

गणपती बसायच्या आधी मामांचं नाव लाल झालं.

मामा म्हणजे आमच्या मोठ्या प्रेसवरचे सगळ्यात जुने ऑपरेटर. इथल्याच गावचे, कंपनी उभी राहिली त्या वर्षापासूनचे. सगळी कंपनी त्यांना मामाच म्हणते. नोव्हेंबरअखेर ते रिटायर होणार होते. मी खिडकीतून फॉर्म पुढे सरकवला. "काय मामा, तुम्हीसुद्धा?"

त्यांनी फॉर्म हातात घेतला, चष्मा लावून तो सगळा वाचला आणि परत ठेवला. "ताई, मी पंच केलाय."

"नोंद नाही मामा. मशीन खोटं बोलत नाही."

"आन् मी बोलतो व्हय?"

मी म्हटलं, सही करा आणि मोकळे व्हा, एका दिवसाने काही बिघडत नाही. पण बिघडत होतं, आणि ते मलाही माहीत होतं. आमच्याकडे खंडेनवमीला मोठ्या प्रेसची पूजा होते. सगळी कंपनी जमते, पेढे असतात, आणि प्रेसपुढचा नारळ मालक फोडत नाहीत. ज्याचा दसरा ते दसरा एकही खाडा नाही आणि 'विसरलो'चा एकही फॉर्म नाही, तो माणूस फोडतो. तो मान बरीच वर्षं मामांकडे होता. ही त्यांची शेवटची खंडेनवमी. फॉर्मवर सही केली तर 'विसरलो' म्हणून मान गेला, नाही केली तर तो दिवस खाडा म्हणून मान गेला.

"इसारलो न्हाई तर इसारलो कसं लिहू?" एवढंच म्हणून मामा प्रेसवर गेले.

गणपती गेले, तेवढ्यात त्यांचं नाव आणखी एकदा लाल झालं. पुन्हा सकाळचीच नोंद नाही. पुन्हा खिडकी, पुन्हा फॉर्म, पुन्हा तेच. या वेळी माझा पारा चढला. चहाची सुट्टी होती, मागे पाचसहा जण उभे होते. मी म्हटलं, "मामा, वय झालं की माणूस विसरतो. त्यात लाज कसली?"

मागचं कुणीतरी हसलं. मामांनी खिडकीच्या कट्ट्यावर उजव्या हाताचा अंगठा ठेवला. वर्षानुवर्षं पत्रा आणि ऑइल हाताळून अंगठ्याच्या रेघा पार गुळगुळीत झालेल्या होत्या. "हे बोट मशीन लवकर घेत न्हाई," ते म्हणाले. "मागं रांग असली की पोरं वरडत्यात. म्हणून मी रांगंच्या आधी येतो. डेरीवर दूध घालायचं, आन् सरळ गेटवर. तीनदा लावावं लागलं तर तीनदा लावतो. धन्यवाद म्हणल्याबिगर हलत न्हाई. तुमी एक दिस येऊन बघा की."

आमचं मशीन बोलकं आहे. बोट पटलं की बाईच्या आवाजात धन्यवाद म्हणतं, पटलं नाही की पुन्हा प्रयत्न करा म्हणतं. मी म्हटलं, येते. खरं सांगायचं तर मी त्यांना खोटं पाडायलाच जाणार होते. म्हातारा 'पुन्हा प्रयत्न करा'लाच धन्यवाद समजत असणार, अशी माझी खात्री होती.

शुक्रवारी गेले. आदला गुरुवार, म्हणजे आमच्या पट्ट्यातला सुट्टीचा वार, त्यामुळे झोप झालेली होती. कंपनीची बस इतक्या लवकर नसते म्हणून नवऱ्याने मोटारसायकलवर सोडलं. रस्ताभर तो विचारत होता, "चोर पकडायला चाललीयस का?" गेटवर वॉचमन एकटाच पेपर वाचत बसला होता. मला बघून तो उभाच राहिला.

मामा आले. दुधाची रिकामी किटली स्कूटरच्या हुकाला लटकत होती. मला बघून त्यांनी नुसती मान हलवली. रुमालाने अंगठा पुसला, मग मशीनची काचही पुसली. अंगठा ठेवला. पुन्हा प्रयत्न करा. अंगठ्यावर फुंकर घातली, पुन्हा ठेवला. पुन्हा प्रयत्न करा. तिसऱ्यांदा दाबून धरला. धन्यवाद.

मी अगदी शेजारी उभी होते. पडद्यावर मामांचा नंबर आला आणि त्याच्याखाली वेळ. मी मोबाइल काढून त्याचा फोटो घेतला. सहा वाजून चाळीस मिनिटं, चव्वेचाळीस सेकंद.

"आयकलं ना?" मामा म्हणाले.

"ऐकलं," मी म्हटलं, आणि वर जाऊन चहा मागवला.

नऊला यादी आली. मामांचं नाव लाल.

मी ती यादी बराच वेळ बघत बसले. चहा तसाच गार झाला. माणसाने सांगितलेलं मी मानलं नव्हतं, पण आता माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं आणि फोटोत धरलेलं माझीच यादी नाही म्हणत होती. पहिल्यांदा मशीनचाच राग आला. उठून गेटवर गेले आणि मशीनमध्ये सरळ शोधलं. तिथेही मामांची नोंद नाही. तिथली पहिली नोंद बसमधून उतरलेल्या पोरांची होती. सहा एक्केचाळीसच्या आधीचं तिथे काहीच नव्हतं, आणि ते बरोबरच होतं, कारण मशीन रिकामं करायला मीच सांगितलं होतं.

मी मशीन तसंच सोडलं आणि जिन्याकडे धावले.

वर येऊन मी प्रोग्रामची रोजनिशी उघडली. तो काय केलं आणि कधी केलं, ते ओळीने लिहून ठेवतो, ती सवय मीच त्याला लावली होती. सहा चाळीसला वाचायला सुरुवात. सहा चाळीस एकतीस, वाचून पूर्ण. मग त्या नोंदी आपल्याकडे साठवणं. सहा चाळीस बावन्न, मशीन रिकामं. आणि मामांचा अंगठा चव्वेचाळीसाव्या सेकंदाला. दोन्ही घड्याळं सारखी, कारण मशीनचं घड्याळ रोज माझाच प्रोग्राम लावतो. वाचून झाल्यावर आलेली नोंद माझ्याकडे आलीच नव्हती, आणि आठ सेकंदांत मशीनमधूनही पुसली गेली. मशीनने मामांना धन्यवाद म्हटलं ते खरंच होतं. नोंद झाली होती. ती मी खाल्ली.

गेटवर कुणी नसतं म्हणून मी जी वेळ निवडली, गेटवर कुणी नसतं म्हणूनच मामांनीही तीच निवडलेली. कंपनीत वेळेचे पक्के असे दोघंच, एक मामा आणि एक माझा प्रोग्राम, आणि दोघं रोज एकाच मिनिटाला एकाच मशीनपाशी. बहुतेक दिवशी काही सेकंदांनी चुकामूक व्हायची म्हणून निभावलं. तीन दिवस नाही निभावलं.

मला त्यांच्या गुळगुळीत अंगठ्याची आणि मागे हसलेल्या माणसाची आठवण झाली, आणि इतकी लाज वाटली की कान गरम झाले. चारचौघांत मी त्यांना म्हातारपण काढून बोलले होते.

गप्प बसता आलं असतं. प्रोग्राम गुपचूप दुरुस्त करायचा, कुणाला कळलं नसतं, त्यातलं ओ का ठो मला सोडून कुणाला येत नाही. पण मग मामांच्या नावापुढचे तीन लाल दिवस तसेच राहिले असते. मी मॅनेजरसाहेबांकडे गेले आणि फोटो आणि रोजनिशी त्यांच्यापुढे ठेवली. साहेबांनी दोनदा विचारून समजून घेतलं. मग म्हणाले, "आजचं कळलं. आधीच्या दोन दिवसांचं काय? तेव्हाही ते वेळेवर आले होते कशावरून?"

गेटच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पंधरा दिवस टिकतं. दुसरा दिवस त्यात सापडला: दुधाची किटली, रुमाल, तीनदा वाकलेली मान. पहिला दिवस केव्हाच पुसला गेला होता. मग मी क्वालिटीवाल्यांकडे गेले. प्रेस सुरू झाली की पहिला नग काढून तो मोजतात, आणि त्या कागदावर ऑपरेटरची सही वेळेसकट असते. त्या दिवशीचा कागद फायलीत होता. सात वाजून पाच मिनिटं, मामांची सही, ठसठशीत. पाच वर्षांत मी त्या खात्यात पाऊल टाकलं नव्हतं, हजेरी माझ्याकडे असताना दुसऱ्याच्या कागदाची मला कधी गरजच वाटली नव्हती.

साहेब म्हणाले, "ठीक आहे. फॉर्म भर. कारण काय लिहायचं?"

तीन चौकोनांत ते कारण नव्हतं. मी पेनने खाली चौथा चौकोन काढला, त्यात खूण केली आणि पुढे लिहिलं: हजेरी खात्याची चूक. खाली सही माझी. असे तीन फॉर्म. चहाच्या सुट्टीत, सगळे खिडकीशी असताना, मी बाहेर गेले आणि मामांच्या हातात दिले. "मामा, तुम्ही विसरला नव्हता. चूक माझी होती, आणि वर मी तुम्हाला नको ते बोलले."

मामांनी चष्मा लावला आणि तिन्ही फॉर्म सावकाश वाचले. "मग यावर माझी सही लागंल का?"

"नाही. माझीच पुरे."

"बरं हाय," ते म्हणाले, आणि फॉर्म मला परत देऊन चहाला गेले. मला वाटलं होतं काहीतरी बोलतील. पण त्यांना तेवढंच हवं होतं.

दुरुस्ती फार मोठी नव्हती. आता प्रोग्राम नोंदी वाचतो पण मशीन रिकामं करत नाही. आधी घेतलेली नोंद पुन्हा आली तर माणसाचा नंबर आणि वेळ बघून ती सोडून देतो. रिकामं करणं फक्त गुरुवारी, कंपनी बंद असताना, मशीनला कुलूप लावून, आणि मशीनमधल्या नोंदींचा आकडा माझ्याकडच्या आकड्याशी जुळला तरच. हे आधीच सुचायला हवं होतं. नाही सुचलं.

मग मी उन्हाळ्यापासूनचे सगळे जुने फॉर्म काढले आणि त्यांवर लिहिलेल्या येण्याजाण्याच्या वेळा रोजनिशीशी ताडल्या. दिवसातल्या तिन्ही वेळांच्या त्या मिनिटांत सापडलेले आणखी सात जण निघाले. सातही जणांनी 'विसरलो'वर निमूट सही केली होती. मी एकेकाला जाऊन सांगितलं. असेंब्लीतली एक बाई खळखळून हसली. "ताई, तुम्ही एवढ्या ओरडलात ना, की मलाच वाटलं, विसरले असेन." ती हसत होती. सात माणसांना मी त्यांनी न केलेला विसर कबूल करायला लावला होता, आणि एकटे मामा होते म्हणून ते उघड झालं. जेवायला विसरता का, हे वाक्य मी तेव्हापासून टाकून दिलं.

खंडेनवमीला प्रेसला झेंडूच्या माळा घातल्या, हळदकुंकू वाहिलं. मामा धुवट पांढऱ्या शर्टात आले होते आणि त्यांची बायको पहिल्यांदाच कंपनी बघायला आली होती. नारळ एका दणक्यात फुटला. टाळ्या पडल्या. मामी प्रेसकडे बघून शेजारणीला म्हणाल्या, "एवढं मोठं हाय व्हय? घरी कधी सांगितलं न्हाई." खोबरं वाटत मामा माझ्यापाशी आले तेव्हा त्यांनी मोठा तुकडा शोधून हातावर ठेवला. मी तो तिथेच खाल्ला.

नोव्हेंबरच्या शेवटच्या दिवशी निरोपाचा कार्यक्रम झाला, शाल झाली, फोटो झाले. शिफ्ट सुटल्यावर मी गेटपर्यंत गेले. मामांनी रुमालाने अंगठा पुसला, मग काच. दुसऱ्या खेपेला धन्यवाद आलं. पण ते हलले नाहीत. "आली का बघा की ताई."

मी वर धावत गेले, प्रोग्राम हाताने चालवला आणि नोंद मोबाइलवर घेऊन खाली आले. मामांनी चष्मा लावून नंबर, तारीख, तास, मिनिटं, सेकंद असं सगळं वाचलं. "आली," ते म्हणाले, आणि किटली अडकवलेली स्कूटर सुरू करून निघून गेले.

नियमाप्रमाणे गेलेल्या माणसाचं नाव त्याच दिवशी यादीतून बंद करायचं असतं. नाही केलं तर प्रोग्रामला वाटतं, तो अजून आपलाच आहे आणि कामावर आला नाही. दुसऱ्या दिवशी नऊला यादी आली, त्यात मामा लाल होते. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मॅनेजरसाहेब खिडकीशी आले आणि यादीवर बोट ठेवून म्हणाले, "हे नाव अजून कसं काय?"

मी नाव बंद करायची खिडकी पडद्यावर उघडली. चारही दिवस रोज उघडत होते आणि मिटत होते.

"विसरले, सर," मी म्हटलं.